शास्तीचा हिशोब बरोबर आहे, घोळ मुद्दलात आहे

प्रश्न: नमस्कार सर, पुण्यात सिंहगड रोडला आमचा टूबीएचके आहे, ताबा २०२१ च्या शेवटी मिळाला. मिळकतकराचं बिल कधी घरी आलंच नाही म्हणून आम्ही निवांत होतो. आता नोटीस आलीये, २०२२-२३ ते २०२४-२५ अशी तीन वर्षांची थकबाकी ३६,००० आणि ३१ मार्चपर्यंतची शास्ती १२,९६०, नाव अजून बिल्डरचंच. आमची वार्षिक करपात्र रक्कम २०,३०४ आहे आणि समोरच्या फ्लॅटची, सेम टू सेम प्लॅन, फक्त ८,८२६. अ‍ॅग्रीमेंटला कार्पेट ५८.२० चौ.मी. आणि बाल्कनी ५.१० चौ.मी. आहे, ब्रोशरला ९४० स्क्वेअर फूट होतं. एरिया चुकीचा लागलाय का, तो कुठे बघायचा आणि दुरुस्त कसा करून घ्यायचा? पाणीपट्टी यातच आहे का वेगळी? आणि आधी भरायचं का आधी भांडायचं?

उत्तर:

तुम्ही दोन्ही फ्लॅटच्या करपात्र रकमा दिल्यात हे फार बरं केलंत, बहुतेक लोक फक्त "व्याज केवढं लावलंय बघा" एवढंच सांगतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र घरबसल्या बरंच काही निघतं, तर आधी ते काढू, मग ऑफिसच्या चकरा.

पहिले शास्ती, कारण सगळ्यांचा राग तिच्यावर असतो. पुण्यात वर्षाचं बिल दोन हप्त्यांचं असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिला हप्ता जूनअखेर भरला नाही तर १ जुलैपासून दरमहा २ टक्के, दुसरा डिसेंबरअखेर भरला नाही तर १ जानेवारीपासून दरमहा २ टक्के. बोलताना आपण व्याज म्हणतो पण कागदावर ती शास्ती असते. आता तुमची वर्षाची मागणी १२,०००, म्हणजे हप्ता ६,००० चा आणि त्यावर महिन्याला १२० रुपये. २०२२-२३ चा पहिला हप्ता ३१ मार्च २०२५ पर्यंत ३३ महिने थकला, दुसरा २७ महिने. पुढच्या वर्षाचे दोन हप्ते २१ आणि १५ महिने, शेवटच्या वर्षाचे ९ आणि ३. सगळे मिळून १०८ महिने, गुणिले १२० म्हणजे १२,९६०. नोटीशीत बरोबर हाच आकडा आहे, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे शास्तीवर शास्ती लागलेली नाही, मागच्या कुणाची थकबाकी आत शिरलेली नाही आणि अनधिकृत बांधकामाची शास्तीही नाही (ती वेगळी असते, कलम २६७ अ ची, आणि ती लागली की रक्कम बघूनच घाम फुटतो). हा हिशोब प्रत्येकाने आधी करून बघावा, कारण इथे आकडा जुळला नाही तर तुमचं भांडण वेगळं आहे, तेव्हा महिनावार फोड मागायची. तुमचा जुळला, त्यामुळे "व्याज कमी करा" म्हणून अर्ज करण्यात काही अर्थ नाही. मुद्दल चुकलंय, ते उतरलं की शास्ती त्याच्या मागोमाग उतरते.

आता मुद्दल. आपल्याकडे घराच्या बाजारभावावर कर नाही, घर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल असं धरून करपात्र रक्कम काढतात. हिशोब एवढाच:

```
क्षेत्रफळ (चौ.फूट) × दर दरमहा × १२ = वार्षिक भाडं
स्वतः राहत असाल तर त्यातून ४०% वजा
उरलेल्यातून देखभालीचे १०% वजा = वार्षिक करपात्र रक्कम
```

देखभालीची वजावट आधी १५ टक्के होती, २०२३ च्या निर्णयानंतर १० टक्के झाली, जुनी बिलं तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं नाहीतर काहीतरी भलतंच उत्तर येतं.

हाच हिशोब उलटा चालवा. तुमचे २०,३०४, भागिले ०.९, म्हणजे वर्षाचं भाडं २२,५६०, महिन्याला १,८८०. समोरच्यांचे ८,८२६, भागिले ०.९, मग त्यांना ४० टक्के सवलत आहे असं धरून भागिले ०.६, म्हणजे वर्षाला साधारण १६,३४४ आणि महिन्याला १,३६२. आता तुमचं अ‍ॅग्रीमेंट घ्या, ५८.२० आणि ५.१० मिळून ६३.३० चौ.मी., गुणिले १०.७६४, म्हणजे ६८१ स्क्वेअर फूट. समोरच्यांचे १,३६२ भागिले ६८१, दर आला २ रुपये. तुमचे १,८८० भागिले २, एरिया आला ९४०. ब्रोशरमधला आकडा!

म्हणजे तुमच्या फ्लॅटला बिल्डरने विकताना सांगितलेला सेलेबल एरिया लागलाय, ज्यात जिना, लॉबी, लिफ्टसमोरची जागा सगळं फुगवून धरलेलं असतं, आणि शिवाय तुम्हाला ४० टक्के सवलत लागलेली नाही. दोन चुका एकावर एक बसल्यात. समोरच्यांपेक्षा तुमची रक्कम २.३ पट आहे ना, ती १.३८ पट एरियाने गुणिले १.६७ पट सवलत नसल्यामुळे. हा १.६७ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, एकाच मजल्यावर एकाच मापाच्या दोन फ्लॅटमध्ये एवढाच फरक दिसला तर एरिया मोजायच्या भानगडीत पडूच नका, तिथे फक्त सवलतीचा प्रश्न असतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे "एरिया चुकलाय" म्हणून जितके आले त्यातले निम्म्याहून जास्त खरं तर सवलत गेलेले निघाले.

शेजाऱ्याशी तुलना करताना एक पथ्य पाळा, बिल्डिंग तीच आणि पहिली आकारणी त्याच सुमाराची असली पाहिजे. पुण्यात पहिल्या आकारणीच्या वेळी जो दर लागला तो त्या मिळकतीला पुढेही चिकटून राहतो, म्हणून रस्त्यापलीकडच्या वीस वर्षं जुन्या सोसायटीतले काका तुमच्यापेक्षा मोठ्या फ्लॅटला तुमच्याहून कमी भरतात, आणि ती चूक नाही. त्यांचं बिल जोडून अर्ज केलात तर पहिल्या पाच मिनिटांत बाद.

आता हे झालं आपलं अनुमान. कितीही चपखल बसलं तरी अर्जात "आमच्या हिशोबाने ९४० लागलंय" असं लिहून चालत नाही, नोंद हातात पाहिजे. बिलावर मुख्य आकडा करपात्र रकमेचा असतो, क्षेत्रफळ कळायला आकारणी नोंदवहीचा उतारा लागतो. propertytax.punecorporation.org वर मिळकत क्रमांक टाकून थकबाकी आणि बिल दिसतं, ते प्रिंट काढून ठेवा, पण उताऱ्यासाठी तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या मिळकतकर विभागात किंवा नागरी सुविधा केंद्रात अर्ज द्या. मालमत्ता कर उतारा देणं ही सेवा हमी कायद्यातली, म्हणजे २०१५ च्या कायद्यातली सेवा आहे, त्यामुळे "नंतर या" म्हटलं तरी अर्जाची पोच घ्या, पोच असली की मुदत चालू होते. अगदीच दाद लागली नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून तुमच्या मिळकतीच्या आकारणीची कागदपत्रं मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागताना तीन गोष्टी नाव घेऊन मागा: नोंदलेलं क्षेत्रफळ आणि ते कार्पेट आहे का बिल्टअप, लावलेला दर, आणि क्षेत्रफळ कुठल्या कागदावरून घेतलं. ही तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि केस तर तिच्यावरच सुटते. बिल्डरने नवीन बिल्डिंगची आकारणी करून घेताना फ्लॅटवार यादी दिलेली असते, त्या यादीत सेलेबल एरिया टाइप केलेला सापडला की तुम्हाला वेगळं काही सिद्ध करायला उरतच नाही.

कार्पेट का बिल्टअप हे नीट बघा असं मी का म्हणतोय, तर नोंद बिल्टअपची असेल आणि तुम्ही कार्पेटचा कागद घेऊन भांडलात तर दोघंही खरं बोलत असता आणि काम काही होत नाही. समोरच्यांच्या रकमेवरून तुमच्या बिल्डिंगला कार्पेट अधिक बाल्कनी धरलेली दिसतेय, पण ते उताऱ्यावर डोळ्यांनी वाचल्याशिवाय अर्ज टाइप करू नका. आणि चौ.मी. चे चौ.फूट करताना गुणिले १०.७६४, काही लोक सरळ १० ने गुणतात आणि मग पन्नास फुटांचा फरक पडतो, ऑफिसमधला माणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलाच असतो.

जोडायचे कागद म्हणजे इंडेक्स टू (त्यावर क्षेत्रफळ चौ.मी. मध्ये असतं, हा सगळ्यात वजनदार कागद), अ‍ॅग्रीमेंटची क्षेत्रफळाची पानं, मंजूर नकाशातला तुमच्या मजल्याचा भाग, आणि भोगवटा पत्र. मंजूर नकाशा सोसायटीकडे असतो, चेअरमनकडे नसेल तर सेक्रेटरीच्या कपाटात असतो, तिथेही नसेल तर मग बिल्डरच्या मागे लागावं लागतं. ब्रोशरही जोडा, हो, तुमच्या केसमध्ये जोडाच, कारण ९४० आला कुठून हे तोच दाखवतो. समोरच्यांचा उतारा त्यांनी दिला तर सोन्याहून पिवळं.

अर्ज साधा ठेवा, एक पान. विषयात मिळकत क्रमांक आणि "क्षेत्रफळ दुरुस्ती व पुनःआकारणी". खाली तीन ओळींचा तक्ता, नोंदलेलं क्षेत्रफळ ९४०, कागदपत्रांप्रमाणे ६८१, फरक २५९. मग मागण्या: प्रत्यक्ष मोजणी करावी, दुरुस्ती पहिल्या आकारणीच्या तारखेपासून लागू करावी, त्या फरकावर लागलेली शास्ती काढून टाकावी. ही "पहिल्या आकारणीच्या तारखेपासून" ओळ राहिली तर दुरुस्ती चालू वर्षापासून होते आणि मागची तीन वर्षं तशीच ९४० वर राहतात, मग पुन्हा नव्याने अर्ज, पुन्हा नव्याने फाइल. आकारणीची विशेष नोटीस तुम्हाला मिळालीच नव्हती, बिलं बिल्डरच्या नावाने त्याच्या पत्त्यावर जात होती, हेही एका वाक्यात लिहा. त्यामुळे शास्ती आपोआप जात नाही पण "इतकी वर्षं गप्प का बसलात" या प्रश्नाला फाइलमध्ये उत्तर तयार राहतं. नोटीशीवर हरकतीसाठी मुदत लिहिलेली असेल तर कागद अपुरे असले तरी मुदतीच्या आत अर्ज द्या, कागद नंतर जोडता येतात. आणि आवक शिक्का, आवक क्रमांक, तारीख, तुमच्या कॉपीवर. तोंडी बोलणं म्हणजे हवेत बोलणं.

त्यानंतर पेठ निरीक्षक मोजायला येतात. हा प्रकार लोकांना वाटतो तितका भीतीदायक नाही पण हलक्यातही घेऊ नका. दोन वर्षांपूर्वीची एक केस सांगतो, अशीच सेलेबल एरियाची, त्या काकूंनी घर अगदी चकाचक करून ठेवलं होतं, पोहे-चहा सगळं, आणि नेमका मंजूर नकाशा मुलाच्या ऑफिसच्या बॅगेत गेला होता. निरीक्षकांनी हॉल मोजला, दोन्ही बेडरूम मोजल्या, टेपचं एक टोक मीच धरलं होतं, किचनच्या ओट्याखाली टेप अडकली म्हणून सिलेंडर सरकवला, आणि मग ते ड्राय बाल्कनीपाशी येऊन थांबले. काकूंनी तिला अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग लावून वॉशिंग मशीन आत घेतलं होतं आणि हॉलच्या बाल्कनीची भिंत काढून हॉल मोठा केला होता. आम्हाला कागदावरून ६३० च्या आसपास अपेक्षा होती, मोजणीत ७०० च्या वर गेलं. तरी नोंदीपेक्षा खूपच कमी होतं म्हणून फायदाच झाला, पण काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता, "अहो ती तर आमचीच बाल्कनी आहे की" म्हणाल्या. आमचीच आहे म्हणून तर कर लागतो! तर मोजणी मागायच्या आधी घरात एकदा स्वतः टेप फिरवा. बंद केलेली बाल्कनी, टेरेसवर टाकलेलं शेड, दोन फ्लॅट जोडून केलेलं एक घर, असलं काही असेल तर ते मोजलं जाणार. नोंदीपेक्षा प्रत्यक्षात जास्त भरत असेल तर मोजणी मागून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका. तुमच्या केसमध्ये बाल्कनी आधीच हिशोबात आहे, त्यामुळे २५९ फुटांच्या फरकाला धक्का लागेलसं वाटत नाही.

मोजणी झाली की मोजमापाच्या कागदावर सही मागतात. सही करायच्या आधी प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बेरीज स्वतः करा. एका ठिकाणी ३.१५ चा ५.१३ झालेला मी पाहिलाय, हाताने लिहिलेलं असतं, होतं असं. मग फाइल पेठ निरीक्षकांकडून विभागीय निरीक्षकांकडे आणि तिथून वर मंजुरीला जाते, आणि इथेच ती आठवडेच्या आठवडे पडून राहते. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा, भांडायला नाही, फाइल कुठल्या टेबलावर आहे एवढंच विचारायला.

सवलतीचं काम याच्याशी जोडू नका, तो वेगळा अर्ज आहे, पीटी-३. २०१९ च्या एप्रिलनंतर ज्यांची आकारणी झाली त्यांना ती ४० टक्के सवलत आपोआप मिळालेली नाही, मध्यंतरी ती बंदच केली होती, २०२३ मध्ये राज्य सरकारने परत सुरू केली आणि त्यासाठी स्वतः राहतो याचा पुरावा देऊन पीटी-३ भरायचा असतो. समोरच्यांनी तो वेळेत भरला, तुमच्या नावाची मिळकतच नव्हती म्हणून तुम्हाला कुणी सांगितलंही नाही. सोसायटीचं स्वतः राहत असल्याचं पत्र, मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स किंवा गॅसचं पुस्तक असे त्याच पत्त्याचे पुरावे लागतात. पुण्यात दुसरा फ्लॅट असेल तर त्याचं बिलही विचारतात, सवलत एकाच घराला. आणि सगळ्याच्या आधी नाव हस्तांतरण, कारण मिळकत बिल्डरच्या नावावर असताना "मी स्वतः राहतो" हे म्हणणार कोण? इंडेक्स टू त्यालाही लागतोच, एकदाच चार झेरॉक्स काढून ठेवा.

यात एक खडा आहे तो आधीच सांगतो. एरियाची चूक ही नोंदीतली चूक आहे, ती मुळापासून दुरुस्त व्हावी असं तुम्ही हक्काने म्हणू शकता. सवलत मात्र अर्ज करून मिळणारी गोष्ट आहे, उशिरा अर्ज केलात तर मागच्या तिन्ही वर्षांना मिळेलच असं धरून चालू नका. मागा जरूर, पण घरातलं बजेट दोन्ही आकड्यांचं करा. फक्त एरिया दुरुस्त झाला तर करपात्र रक्कम २०,३०४ ची साधारण १४,७१० होते, दोन्ही झालं तर ८,८२६. थकबाकीत बोलायचं तर ढोबळमानाने ३६,००० चे २६,००० आणि दोन्ही मिळालं तर साडेपंधरा हजार. ढोबळ अशासाठी की बिलातले सगळे कर सरळ प्रमाणात उतरत नाहीत.

पाणीपट्टीचं हेच. पुण्यात राहत्या घराची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच असते, सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण कर वगैरेंच्या रांगेत. तिला मीटरशी काही देणंघेणं नाही, ती करपात्र रकमेच्या टप्प्यावर ठरते, त्यामुळे रक्कम एका टप्प्याच्या काठावरून खाली घसरली तर पाणीपट्टी एकदम उतरते आणि काठाच्या आतच राहिली तर अजिबात हलत नाही. "आमच्याकडे टँकर येतो, पाणीपट्टी कशाची" हा मुद्दा एरियाच्या अर्जात घुसडू नका, त्याने मूळ काम बाजूला पडतं. वेगळं पाण्याचं बिल येत असेल, म्हणजे दुकान, हॉटेल, हॉस्टेल असलं काही, तर ते मीटरचं असतं, त्याची तक्रार पाणीपुरवठा विभागात, करसंकलनवाले त्याला हात लावत नाहीत.

भरायचं का भांडायचं? दोन्ही, आणि एकाच वेळी. अर्ज दिला म्हणून शास्ती थांबत नाही, ३६,००० वर महिन्याला ७२० रुपये चालूच राहतात, आणि तुमची फाइल सहा महिने फिरली तर त्यातच चार हजारांवर गेले. नुसता अर्ज देऊन बसलेले लोक वर्षभराने "जिंकतात" आणि वाचलेल्या पैशातला बराचसा शास्तीत घालवून बसतात. मी तुमच्या जागी असतो तर ६८१ फुटांच्या हिशोबाने येणारे २६,००० च्या आसपास लगेच भरले असते, सोबत पत्र की ही रक्कम क्षेत्रफळाबाबतची हरकत राखून भरत आहे, अर्जाचा आवक क्रमांक अमुक. पावती घेताना रक्कम कुठल्या वर्षाला आणि मुद्दलाला का शास्तीला जमा झाली ते तिथल्या तिथे बघा, रक्कम मुद्दलाऐवजी शास्तीला जमा झालेली दिसली तर लगेच विचारा, घरी येऊन नाही. खिशाला झेपत असेल तर सगळंच भरून टाका, मग शास्तीचा मीटर बंद होतो आणि तुम्ही शांतपणे भांडू शकता. फक्त हे डोक्यात ठेवा की जास्त भरलेले पैसे सहसा हातात परत मिळत नाहीत, पुढच्या बिलांत वळते होतात. फ्लॅट विकायचा विचार असेल तर मग जास्तीचे भरू नका.

अभय योजनेची वाट बघत बसू का असं पण लोक विचारतात. २०२० मध्ये आली होती, ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीदारांना शास्तीत ८० टक्के सूट. पण त्यात सूट शास्तीला होती, मुद्दल पूर्ण भरावं लागलं, आणि ज्यांचं मुद्दलच चुकीचं होतं त्यांनी ते चुकीचं मुद्दल खुशीत भरून टाकलं, नंतर एरिया कुणी बघितलाच नाही. योजना आली तर जरूर घ्या, पण दुरुस्तीचा अर्ज आधी आत गेलेला असू दे.

अर्ज फेटाळला तर? कारणासह लेखी आदेश मागा. त्यावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली पुण्यात लघुवाद न्यायालयात अपील होतं, मुदत फक्त १५ दिवसांची आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. इथे वकील लावाच. तुमच्या केससारख्या, जिथे ब्रोशर, इंडेक्स टू आणि समोरचा फ्लॅट तिन्ही एकच गोष्ट सांगतायत, त्या इथवर क्वचित जातात. दर जास्त लावला, वापर बिगरनिवासी दाखवला, असल्या भांडणांना जावं लागतं. नोटिशीकडे दुर्लक्ष मात्र करू नका, पुढची पायरी जप्तीची असते, आणि मोठ्या थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवलेलं तर पुण्याने पाहिलंच आहे.

तर उद्या सकाळी नाव हस्तांतरण आणि उताऱ्याचा अर्ज, दोन्ही एका फेरीत होतात, जाताना इंडेक्स टू आणि नोटीस ओरिजिनल. उतारा हातात आला की क्षेत्रफळाच्या रकान्यात ९४० आहे का बघा आणि नसेल तर इथेच परत लिहा, मग आपला दराचा अंदाज चुकला असेल आणि अर्ज वेगळा लिहावा लागेल.